पहिलं पाकीट निघण्याआधी खर्च कसा काढायचा? उमरखेडच्या हळद पावडरीचं पूर्ण गणित



व्हिडिओमध्ये फळ्यावरचे आकडे जरा भराभर गेले. वही घेऊन बसणाऱ्यांना ते सावकाश बघता यावेत म्हणून तेच गणित इथे लिहून देतो. एकदा वाचा, मग स्वतःचे आकडे टाकून पुन्हा करा.

उदाहरण उमरखेडचं घेऊ. पैनगंगेच्या या पट्ट्यात हळद भरपूर आहे, आणि हिंगोली, वसमतची हळदीची मार्केटंही जवळच आहेत. समजा तुम्ही उमरखेडला एक गाळा भाड्याने घेतला, दहा एचपीचा पल्वरायझर घेतला आणि २०० ग्रॅमच्या पाकिटात हळद पावडर विकायचं ठरवलं. अजून एकही पाकीट निघालेलं नाही. तेवढ्यात नांदेडचा एक डिस्ट्रिब्युटर म्हणतो, "महिन्याला अकरा हजार पाकिटं उचलतो, ४० रुपयांनी द्या. उद्या सांगा."

बहुतेक जण इथे पाकिटाच्या पाठीमागे हिशोब करतात. हळकुंड १५० रुपये किलो, म्हणजे २०० ग्रॅमचे ३० रुपये. पाऊच १ रुपया ८० पैसे. मजुरी-बिजुरी दोन रुपये धरू. झाले साधारण ३४. चाळीसला विकलं की सहा रुपये सुटले, महिन्याला ६६ हजार! आणि होकार जातो.

खरा आकडा ३४ नाही. तो ४१ रुपये ४९ पैसे आहे. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे दीड रुपया खिशातून जाणार. हा फरक कुठून आला तेच आज बघायचं आहे. खाली वापरलेले भाव, पगार, भाडं हे सगळे मी उदाहरणासाठी धरलेले आकडे आहेत. तुमचे वेगळे असतील. पद्धत मात्र हीच राहील.

स्टँडर्ड कॉस्ट म्हणजे काय, आणि ती खालून वर का काढायची

उत्पादन सुरू होण्याआधी "एवढा खर्च यायला हवा" असं जे आपण नीट मोजून ठरवतो, ती स्टँडर्ड कॉस्ट. त्यासाठी तीन कागद लागतात. पहिला मालाची यादी, म्हणजे एका नगाला काय काय आणि किती लागतं. दुसरा राउटिंग, म्हणजे काम कोणत्या क्रमाने होतं आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो. तिसरा वरखर्च, म्हणजे भाडं, देखरेख, परवाना असा जो खर्च कुठल्याही एका पाकिटाला चिकटलेला दिसत नाही.

आपला माल दोन टप्प्यांत तयार होतो. आधी हळकुंडाची सुटी पावडर, मग पावडरीचं पाकीट. म्हणून आधी एक किलो सुट्या पावडरीचा पूर्ण खर्च काढायचा आणि तो आकडा उचलून पाकिटाच्या यादीत "कच्चा माल" म्हणून ठेवायचा. यालाच खर्च वर गुंडाळत नेणं म्हणतात. याचा फायदा असा, की उद्या ५०० ग्रॅमचं पाकीट काढलं तर खालचा टप्पा पुन्हा करावा लागत नाही.

पहिला टप्पा: सुटी पावडर आणि तिचा उतारा

उतारा हा शब्द उमरखेडकरांना शिकवायला नको. पोफाळीच्या वसंत साखर कारखान्यामुळे तो इथे प्रत्येक ऊसवाल्याला माहीत आहे. शंभर किलो ऊस घातल्यावर साखर किती निघाली? हळदीतही तेच विचारायचं, शंभर किलो हळकुंड घातल्यावर पावडर किती निघाली?

एक घाणा २०० किलो हळकुंडांचा धरू. भाव १५० रुपये, पण माल गाळ्यात येईपर्यंत बारदाना, हमाली, गाडीभाडं असे आणखी ४ रुपये किलोमागे लागतात. म्हणजे पोहोच भाव १५४.

आता घट बघा. ती तीन ठिकाणी होते.

निवडताना माती, खडे, मुळ्या, काळी हळकुंडं निघतात. ३ टक्के धरले तर राहिले १९४ किलो.

नंतर ओलावा. एफएसएसएआयच्या मानकात अख्ख्या हळदीत ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के चालतो, पावडरीत मात्र १० टक्केच. म्हणजे १२ टक्क्यांची हळकुंडं घेतली असतील तर वाळवणीत आणि दळताना काही पाणी उडवावंच लागतं. १९४ किलोंमधला कोरडा भाग ८८ टक्के, म्हणजे १७०.७ किलो. तो पावडरीत ९० टक्के व्हायला हवा, म्हणून पावडर भरणार १८९.७ किलो. सव्वाचार किलो नुसतं पाणी गेलं, आणि ते आपण १५४ रुपये किलोने विकत घेतलं होतं. हळकुंडं १४ टक्के ओली असती तर आणखी सव्वाचार किलो गेले असते. म्हणून खरेदीला जाताना ओलावा मोजायचं मीटर बरोबर ठेवा. १४ टक्क्यांचा माल दोन रुपये स्वस्त मिळाला तरी तो महागच पडतो.

शेवटी दळताना आणि चाळताना थोडी पावडर धूळ होऊन उडते, थोडी मशीनला चिकटते. ती दोन टक्क्यांच्या आसपास धरली तर हातात राहिली १८६ किलो. उतारा ९३ टक्के.

म्हणजे मालाचा खर्च २०० गुणिले १५४, भागिले १८६. उत्तर १६५ रुपये ५९ पैसे किलो. एक चूक इथे नेहमी होते. लोक १५४ मध्ये सात टक्के मिळवतात आणि १६४.७८ लिहितात. घट मिळवायची नसते, उताऱ्याने भागायचं असतं, कारण सात टक्के हे आत गेलेल्या मालाचे आहेत, बाहेर आलेल्या मालाचे नाहीत. इथे फरक ८० पैशांचा आहे. पण ज्या मालाची घट २५-३० टक्के असते, उदाहरणार्थ सोललेला लसूण, तिथे हीच चूक धंदा बसवते.

राउटिंग: घड्याळ लावून वेळ लिहा

आता याच घाण्याचा वेळ लिहू.

- निवडणं: दोन माणसं, तीन तास. म्हणजे ६ माणूस-तास.
- वाळवण पसरणं, परतणं, गोळा करणं: १ माणूस-तास.
- दळणं: मशीन साफ करून जाळी तपासायला अर्धा तास, मग तासाला ४० किलोने साधारण ५ तास. एक माणूस, म्हणून ५.५ माणूस-तास आणि ५.५ मशीन-तास.
- पावडर थंड करणं आणि चाळणं: २.५ माणूस-तास.

एकूण १५ माणूस-तास.

"सर, उत्पादनच सुरू नाही, मग हे वेळ आणायचे कुठून?" असा प्रश्न येणारच. मशीनच्या पत्रकातली क्षमता घेऊ नका. तासाला ८० किलो असं छापलेलं असतं ते कुठल्या मालाचं आणि किती जाड जाळीचं, हे बहुतेकदा लिहिलेलं नसतं. हळकुंड कडक असतं, आणि बारीक पावडर हवी तर जाळी बारीक लागते, वेग उतरतो. त्यापेक्षा विक्रेत्याकडे स्वतःची वीस-तीस किलो हळकुंडं घेऊन जा आणि समोर दळून घ्या. मोबाइलमध्ये वेळ लावा.

चाचणीत दोन गोष्टींनी फसगत होते, तेवढी लक्षात ठेवा. एक, मशीनमध्ये अडकून राहणारी पावडर जवळजवळ ठरलेली असते. समजा एक किलो. वीस किलोच्या चाचणीत ती पाच टक्के दिसते, दोनशे किलोंत अर्धा टक्का. म्हणून छोट्या चाचणीचा उतारा जसाच्या तसा मोठ्या घाण्याला लावू नका. अडकलेली पावडर वेगळी झटकून, वजन करून लिहा. दोन, पाकीट भरायचा वेग पहिल्या वीस मिनिटांत असतो तसा दिवसभर राहत नाही. निदान दोन तास सलग काम करून मगच तासाचा आकडा घ्या.

आता तासाचा दर. माणसाला रोज, चहापाणी वगैरे धरून ४९० रुपये पडतात. आठ तासांनी भागलं तर ६१ रुपये येतात. पण आठ तासांत जेवण, साफसफाई, लाइट जाणं, मालाची वाट बघणं हे सगळं आलं. प्रत्यक्ष काम सात तासच होत असेल तर दर ४९० भागिले ७, म्हणजे ७० रुपये. वर लिहिलेला वेळ हा निव्वळ कामाचा आहे, म्हणून दरही निव्वळ कामाच्या तासाचाच हवा. १५ गुणिले ७० म्हणजे १,०५० रुपये.

मशीनचा दर

दहा एचपी म्हणजे ७.४६ किलोवॅट. मोटर पूर्ण भाराने चालत नाही, म्हणून तासाला ६ युनिट धरू. युनिटला १० रुपये, म्हणजे वीज ६० रुपये. मशीन १ लाख ८० हजारांचं, दहा वर्षं चालेल, म्हणजे वर्षाची घट १८ हजार. जाळ्या, बीटर, पट्टे यांचे वर्षाला १४ हजार. मिळून ३२ हजार. महिन्याला १२ घाणे काढले तर वर्षात मशीन साधारण ८०० तास चालेल, म्हणून तासाला ४० रुपये. वीज आणि हे मिळून मशीनचा दर १०० रुपये तास. घाण्याला ५.५ तास, म्हणजे ५५० रुपये.

मशीनची वीज इथे घेतली आहे, म्हणून खालच्या वरखर्चात ती पुन्हा धरायची नाही. सगळं लाइटबिल वरखर्चात टाकून वर मशीनच्या दरातही वीज धरणं ही चूक फार होते. त्याने माल उगाच महाग दिसतो आणि घेण्यासारखी ऑर्डरही सोडून दिली जाते.

वरखर्च कशावर वाटायचा?

महिन्याचा वरखर्च असा धरू: भाडं ८,०००, तुमचा स्वतःचा देखरेखीचा पगार १५,०००, दिवाबत्ती, पाणी आणि सीलर २,०००, परवाना आणि तपासणी १,८००, विमा व किरकोळ २,०००. एकूण २८,८०० रुपये. स्वतःचा पगार सोडू नका. उद्या आजारी पडलात तर त्या जागी पगारी माणूस ठेवावाच लागेल.

आपलं काम जास्त करून हाताचं आहे, म्हणून वरखर्च माणूस-तासांवर वाटू. एका घाण्याला पावडरीचे १५ तास आणि पुढे पॅकिंगचे १५ तास लागतात, मिळून ३०. महिन्याला १२ घाणे म्हणजे ३६० तास. दोन माणसं, रोज सात तास, २६ दिवस मिळून ३६४ तास होतात, म्हणजे १२ घाणे बसतात. २८,८०० भागिले ३६०, तासाला ८० रुपये.

इथला कळीचा आकडा ८० नाही, १२ आहे. सुरुवातीला महिन्याला चारच घाणे विकले गेले तर दर तासाला २४० होईल आणि पाकीट सव्वापाच रुपयांनी महाग दिसेल. तो भाव सांगितला तर ऑर्डर येणारच नाही. उलट उत्साहात २४ घाणे धरले तर माल खोटा स्वस्त दिसेल. आयसीएआयच्या अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये मालसाठ्याची किंमत काढताना यावर सरळ नियम आहे. स्थिर उत्पादन वरखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, आणि काम कमी झालं म्हणून न वाटला गेलेला भाग मालावर न चढवता त्या काळाचा खर्च म्हणून वेगळा दाखवायचा. आपणही तेच करू. चार घाण्यांच्या महिन्यात आठ घाण्यांचे २४० तास रिकामे गेले, म्हणजे १९,२०० रुपये. हे पाकिटात घालायचे नाहीत, पण सुरुवातीच्या भांडवलात मात्र त्यांची सोय करून ठेवायची.

पावडरीच्या १५ तासांचे वरखर्च १,२०० रुपये. आता पहिला टप्पा बंद करू: माल ३०,८००, मजुरी १,०५०, मशीन ५५०, वरखर्च १,२००. एकूण ३३,६००, भागिले १८६ किलो. सुटी पावडर १८० रुपये ६५ पैसे किलो.

दुसरा टप्पा: पाकीट

पाकिटावर २०० ग्रॅम लिहिलं की आत २०० पेक्षा कमी निघून चालत नाही. हाताने भरताना काटा थोडा वर-खाली होतो, म्हणून आपण २०२ ग्रॅम भरणार. १८६ किलोत ९२० पाकिटं होतील. दोन माणसं तासाला १३० भरतात, म्हणजे ७ तास, शिवाय मांडामांड अर्धा तास. दोघांचे १५ माणूस-तास.

पाऊच १.८० चा आहे, पण सील बिघडणं, तारखेचा शिक्का चुकणं यात ३ टक्के वाया जातात. पावडर परत वापरता येते, पाऊच नाही. म्हणून १.८० भागिले ०.९७. छपाईच्या सिलिंडरचे एकदाच २४,००० द्यावे लागले, ते १ लाख २० हजार पाकिटांवर वाटले तर २० पैसे. ५० पाकिटांचा खोका २५ रुपयांचा.

| बाब | एका पाकिटाला रुपये |
|---|---|
| पावडर, ०.२०२ किलो | ३६.४९ |
| पाऊच, वाया जाणारे धरून | १.८६ |
| सिलिंडरचा वाटा | ०.२० |
| खोका | ०.५० |
| पॅकिंगची मजुरी | १.१४ |
| पॅकिंगवरचा वरखर्च | १.३० |
| स्टँडर्ड कॉस्ट | ४१.४९ |

शीटमध्ये हेच दोन ओळींत बसतं:

```
=(200*154 + 15*70 + 5.5*100 + 15*80)/186
=0.202*180.65 + 1.80/0.97 + 0.20 + 25/50 + 15*(70+80)/920
```

जीएसटीचं एक सांगून ठेवतो. नोंदणी असेल आणि खरेदीवरचा कर परत मिळत असेल तर भाव कर वगळून घाला. नसेल तर करासकट.

मग डिस्ट्रिब्युटरला काय सांगायचं?

४० रुपयांना हो म्हटलं तर ११,०४० पाकिटांवर महिन्याला सुमारे साडेसोळा हजारांची तूट. आणि ४१.४९ हा फक्त कारखान्यातला खर्च आहे. नांदेडपर्यंतचं भाडं, उधारीवरचं व्याज, परत आलेला माल आणि तुमचा नफा त्यावर वेगळा चढवायचा आहे.

बोलणी करायला बसण्याआधी एक गणित आणखी करा. हळकुंड किलोमागे १० रुपयांनी वाढलं तर पाकीट किती वाढतं? १० भागिले ०.९३, गुणिले ०.२०२, म्हणजे २ रुपये १७ पैसे. पॅकिंगची सगळी मजुरी धरली तरी ती याच्या जवळपास निम्मी आहे. २०२३ मध्ये काही महिन्यांत हळदीचा भाव दुप्पट झालेला आपण पाहिला आहे. तेव्हा वर्षभरासाठी एकच भाव लिहून देऊ नका. "हळकुंड १५० धरून हा भाव आहे, त्यात १० रुपयांचा फरक पडला की पाकिटात २ रुपये १७ पैशांचा फरक," असं लिहूनच ऑर्डर घ्या. समोरच्याला आकडा कुठून आला हे दाखवता आलं की बोलणं सोपं जातं.

पहिला घाणा निघाल्यावर

स्टँडर्ड लगेच बदलू नका. पहिल्या घाण्यात हात बसलेला नसतो. तीन-चार घाणे होऊ द्या, आणि प्रत्येकाला चारच आकडे लिहा: किती किलो हळकुंडं घातली, किती किलो पावडर निघाली, किती माणूस-तास लागले, किती चांगली पाकिटं झाली.

मग चूक कुठली ते आपोआप कळतं. पावडर कमी पण निवडीतला कचरा जास्त, तर खरेदी चुकली. कचरा ठीक पण पावडर कमी, तर माल ओला होता किंवा धूळ उडते आहे. उतारा ९३ ऐवजी ९० आला तर पाकिटाला १ रुपया ११ पैसे जास्त लागतात, फक्त मालाचे. पावडर बरोबर आली पण पाकिटं ९२० ऐवजी ९०० झाली, तर भरताना हात सैल सुटतो आहे. १८६ किलोंना ९०० ने भागा, सरासरी जवळपास २०७ ग्रॅम भरले जात आहेत. तास जास्त लागले तर राउटिंगमधली कोणती पायरी चुकली ते शोधा. चार घाण्यांत तोच फरक पुन्हा पुन्हा आला तरच स्टँडर्डचा आकडा बदला आणि बदलाची तारीख शेजारी लिहा.

आता तुमचं काम. तुमच्या मालाचा फक्त उतारा काढून आणा. किती घातलं, किती निघालं, मध्ये कुठे कुठे गेलं. बाकीचं गणित त्याच्यावरच उभं राहतं. पुढच्या व्हिडिओत याच ४१.४९ वर विक्रीचा भाव कसा चढवायचा ते बघू.